ट्रास्टुझुमॅब सुरू असताना ईएफ ४८ वर आले, तर पुढे काय?

प्रश्न: माझ्या आईला, वय ५६, डाव्या स्तनाचा हर-टू पॉझिटिव्ह कॅन्सर आहे. शस्त्रक्रिया झाली, मग एसी केमोची चार सायकल झाली आणि त्यानंतर पॅक्लिटॅक्सेल या केमोसोबत ट्रास्टुझुमॅबचे इंजेक्शन सुरू झाले. केमोच्या आधी इकोमध्ये ईएफ, म्हणजे हृदयाच्या पंपाची ताकद सांगणारा आकडा, ६४ होते, एसीनंतर ६१. ट्रास्टुझुमॅबच्या चार डोसांनंतर परवा इको केला तर ४८ आले. जीएलएस आधी उणे २० होते, आता उणे १६ लिहिले आहे. तिला त्रास काहीच नाही, रोज चालायला जाते. डॉक्टरांनी इंजेक्शन थांबवले आणि रॅमिप्रिल व कार्व्हेडिलॉल सुरू केले. हृदय कायमचे खराब झाले का? आणि औषध थांबल्यामुळे कॅन्सर परत आला तर?

उत्तर: या आकड्यांवरून हृदय कायमचे खराब झाले असे मी म्हणणार नाही. लक्षणे नसताना आणि ईएफ चाळीसच्या वर असताना पकडलेली ही घसरण बहुतेक रुग्णांमध्ये काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बरीचशी भरून येते. उपचार पुन्हा सुरू होण्याची शक्यताही चांगली आहे. असे का म्हणतो, ते समजायला हे औषध हृदयाला नेमके काय करते इथून सुरुवात करावी लागेल.

स्तनाच्या कॅन्सरपैकी साधारण १५ ते २० टक्के गाठींमध्ये पेशींच्या पृष्ठभागावर हर-टू नावाचे रिसेप्टर प्रमाणाबाहेर असतात. ‘वाढत राहा’ हा संदेश ते पेशीच्या आत पोहोचवतात. ट्रास्टुझुमॅब ही प्रतिपिंड या रिसेप्टरला बाहेरून चिकटते आणि तो संदेश रोखते. अडचण अशी की हा रिसेप्टर हृदयाच्या स्नायूपेशींवरही असतो, थोड्या संख्येने पण कामाचा. हृदयावर ताण आला की न्यूरेग्युलिन नावाचे प्रथिन स्रवते, ते हर-फोर या जोडीदाराला चिकटते आणि हर-फोर व हर-टू मिळून पेशीला तग धरण्याचा, दुरुस्ती करण्याचा आदेश देतात. हृदयाच्या पेशींमधून हर-टूचे जनुक काढून टाकलेल्या उंदरांवरचे प्रयोग २००२ साली प्रसिद्ध झाले. ते उंदीर जन्मतः ठीक दिसत होते, पण पुढे त्यांचे हृदय फुगले आणि कमकुवत झाले. त्यांच्या हृदयपेशींना अँथ्रासायक्लिन गटाच्या केमोचा घावही जास्त बसत होता.

ही शेवटची गोष्ट तुमच्या आईच्या बाबतीत महत्त्वाची आहे. एसीमधला ‘ए’ म्हणजे डॉक्सोरुबिसिन, याच अँथ्रासायक्लिन गटातले. ते हृदयाच्या काही पेशी मारू शकते आणि मेलेली हृदयपेशी सहसा परत येत नाही. ट्रास्टुझुमॅब पेशी मारत नाही, तिची दुरुस्तीची सोय बंद पाडते. म्हणून डॉक्सोरुबिसिनने आधी थोडी इजा केलेली असेल आणि लगेच ट्रास्टुझुमॅब आले, तर हृदयाला सावरायला उसंत मिळत नाही. उलट ट्रास्टुझुमॅब थांबवले की दुरुस्ती पुन्हा सुरू होते. एकेकाळी याची दोन स्वच्छ प्रकारांत विभागणी होत असे: केमोची इजा कायमची, प्रतिपिंडाची तात्पुरती. आज ती विभागणी जरा जास्तच नीटनेटकी वाटते, कारण दोन्ही औषधे घेतलेल्या रुग्णात कुठली इजा कशाची हे वेगळे काढता येत नाही. पण औषध थांबवल्यावर ईएफ वर येते हे खरेच आहे. ट्रास्टुझुमॅबने हृदय मंदावलेल्या ३८ रुग्णांचा एक अहवाल २००५ साली आला. त्यांचे सरासरी ईएफ ६१ वरून ४३ पर्यंत घसरले होते आणि औषध थांबवल्यावर सरासरी दीड महिन्यात ५६ पर्यंत आले. त्यातल्या २५ जणींना ते औषध पुन्हा दिले गेले आणि २२ जणींना पुन्हा त्रास झाला नाही. संख्या छोटी आहे, पण पुढच्या काळात रोजच्या कामात दिसले तेही साधारण याच दिशेचे.

हा धोका सुरुवातीला कोणाच्या ध्यानीमनी नव्हता. पसरलेल्या कॅन्सरसाठी १९९८ मध्ये औषधाला मान्यता मिळाली, तेव्हाच्या मुख्य चाचणीत काही रुग्णांना ते अँथ्रासायक्लिनसोबत एकाच वेळी दिले होते. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या निकालांत त्या गटातल्या २७ टक्के रुग्णांच्या हृदयाचे काम बिघडलेले आढळले. नुसती अँथ्रासायक्लिनची केमो घेतलेल्यांत हे प्रमाण ८ टक्के होते, तर पॅक्लिटॅक्सेल आणि ट्रास्टुझुमॅब एकत्र घेतलेल्यांत १३. तेव्हापासून ही दोन औषधे सहसा एकत्र देत नाहीत, आधी एसी संपवतात आणि मग ट्रास्टुझुमॅब सुरू करतात. दर तीन महिन्यांनी इको करण्याचा शिरस्ताही त्यातूनच आला. त्यानंतरच्या एका मोठ्या चाचणीत एसीनंतर ट्रास्टुझुमॅब घेणाऱ्यांपैकी तीन वर्षांत सुमारे ४ टक्के रुग्णांना गंभीर हार्ट फेल्युअर झाले, ट्रास्टुझुमॅब न घेणाऱ्यांत एक टक्क्याहूनही कमी. दुसऱ्या एका चाचणीत अँथ्रासायक्लिन पूर्ण वगळून डोसेटॅक्सेल, कार्बोप्लॅटिन आणि ट्रास्टुझुमॅब दिले, तिथे हार्ट फेल्युअर ०.४ टक्क्यांवर राहिले. अँथ्रासायक्लिन आणि ट्रास्टुझुमॅब दोन्ही घेतलेल्या गटात ते २ टक्के होते.

आता तुमच्या हातातल्या रिपोर्टकडे येऊ. असा रिपोर्ट आला की मी आधी एवढेच पाहतो, की ही घसरण खरी आहे का.

ईएफ म्हणजे डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्यात किती टक्के बाहेर पडते. साध्या टू-डी इकोमध्ये हा आकडा पडद्यावरच्या आकृतीच्या कडा आखून काढतात. तेच हृदय काही महिन्यांनी पुन्हा मोजले, तर काहीही बिघडलेले नसताना दहा अंकांपर्यंत फरक पडू शकतो. थ्री-डी इकोमध्ये हा फरक बराच कमी असतो. त्यातून डाव्या स्तनाची शस्त्रक्रिया झालेली असली तर जखमेमुळे आणि दुखण्यामुळे प्रोब नीट टेकवता येत नाही आणि चित्र अंधुक येते. इकोच्या दिवशी रक्तदाब चढलेला असेल तर ईएफ कमी दिसू शकते. ताप किंवा रक्तक्षय असेल तर ते फसवे चांगलेही दिसते. म्हणून शक्यतो तेच मशीन, तोच तंत्रज्ञ किंवा डॉक्टर, तीच पद्धत, आणि रिपोर्टवर त्या वेळचा रक्तदाब व नाडी लिहिलेली, असा माझा आग्रह असतो. रिपोर्टवर ‘नजरेने अंदाज’ अशा अर्थाचे काही लिहिले असेल तर त्या आकड्यावर वर्षभराचा उपचार थांबवू नये, आधी नीट मोजून घ्यावे.

तुमच्या आईच्या बाबतीत मात्र दुसरा पुरावा हाताशी आहे, तो म्हणजे जीएलएस. हृदयाचा स्नायू प्रत्येक ठोक्याला लांबीत किती टक्के आखडतो ते तो सांगतो. आखडणे म्हणजे लांबी घटणे, म्हणून आकडा उणे येतो आणि तो शून्याकडे सरकला की स्नायू मंदावला. तुलना नेहमी आधीच्या आकड्याशी करायची. उणे २० वरून उणे १६ म्हणजे मूळच्या एक पंचमांश, २० टक्के घट. १५ टक्क्यांहून जास्त घट अर्थपूर्ण मानतात. ईएफ १३ अंकांनी खाली आणि जीएलएस २० टक्क्यांनी मंद, दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात. त्यामुळे ही घसरण खरी धरूनच चालावे.

डॉक्टरांनी इंजेक्शन का थांबवले तेही यावरून कळेल. औषधासोबतच्या अधिकृत सूचनेत थांबवण्याच्या दोन अटी आहेत. उपचारापूर्वीच्या आकड्यापेक्षा ईएफ १६ किंवा अधिक अंकांनी घसरले तर थांबवायचे, मग ते सामान्य मर्यादेत असले तरीही. किंवा ते त्या प्रयोगशाळेच्या सामान्य मर्यादेखाली गेले आणि शिवाय घसरण १० अंकांची किंवा अधिक असली तर थांबवायचे. आईचे ६१ वरून ४८, म्हणजे मर्यादेखाली आणि १३ अंकांची घट. केमोपूर्वीचे ६४ धरले तर नेमके १६ अंक. कुठूनही मोजा, किमान चार आठवडे विराम हेच उत्तर येते. त्यानंतर इको पुन्हा होईल. चार ते आठ आठवड्यांत ईएफ सामान्य मर्यादेत परतले आणि मूळच्या आकड्यापेक्षा १५ अंकांहून जास्त खाली नसले, तर औषध पुन्हा सुरू करता येते. समजा चार आठवड्यांनी ५३ आले: मर्यादेच्या वर, ६१ पासून ८ अंक खाली, म्हणजे हिरवा कंदील.

पण इथे डॉक्टरांमध्ये मतभेद आहेत आणि ते तुम्हाला माहीत असलेले बरे, नाहीतर दुसरे मत घ्यायला गेलात की गोंधळाल. वरची अट जुन्या, सावध काळातली आहे. युरोपियन सोसायटी ऑफ कार्डिऑलॉजीच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना थोड्या सैल आहेत: लक्षणे नाहीत आणि ईएफ ४० ते ४९ च्या दरम्यान आहे, तर हृदयाची औषधे सुरू करून, वारंवार तपासत, ट्रास्टुझुमॅब चालू ठेवण्याचा विचार करता येतो. ४० च्या खाली गेले तर मात्र थांबवायचे. यामागे सेफ-हार्ट नावाची छोटी चाचणी आहे. तिच्यात सुरुवातीलाच ईएफ ४० ते ४९ असलेल्या जेमतेम तीस रुग्णांना हृदयाची औषधे देत हर-टूविरोधी उपचार दिले आणि दहापैकी नऊ जणींचे उपचार पूर्ण झाले. माझे स्वतःचे मत असे: घसरण नुकतीच लक्षात आली असेल, ती कुठे थांबणार हे माहीत नसेल आणि आधी डॉक्सोरुबिसिन झालेले असेल, तर पहिले चार आठवडे थांबून हृदयाच्या औषधांना काम करू द्यावे. चार आठवड्यांनी आकडा ४८ च्याच आसपास स्थिर राहिला, अजून खाली गेला नाही, तर मात्र ‘पन्नास होईपर्यंत थांबू’ असा हट्ट मी धरणार नाही. हृदयरोगतज्ज्ञ सोबत असतील तर उपचार सुरू करण्याकडे माझा कल राहील. तुमचे डॉक्टर जुन्या अटीवर ठाम असतील तर ते चुकत नाहीत, फक्त जास्त सावध आहेत.

रॅमिप्रिल आणि कार्व्हेडिलॉलबद्दल. ही औषधे रक्तदाब वाढला म्हणून दिलेली नाहीत, हृदयावरचा भार कमी व्हावा म्हणून दिली आहेत. त्यामुळे आईचा रक्तदाब मुळात कमी असला तरी ती बंद करू नका. चक्कर येत असेल तर मात्रा कमी करून घ्या. सुरुवात बहुधा रॅमिप्रिल १.२५ किंवा २.५ मिलिग्रॅम आणि कार्व्हेडिलॉल ३.१२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा अशी होते, आणि मग दर एक-दोन आठवड्यांनी, रक्तदाब व नाडी पाहून, हळूहळू वाढवतात. रॅमिप्रिल सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांत रक्तातले क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायला हवे, ही तपासणी कॅन्सरच्या धावपळीत हमखास राहून जाते. आणखी एक घोळ नेहमी होतो. रॅमिप्रिलने काहींना कोरडा, ठसका लागल्यासारखा खोकला येतो. हृदय मंदावल्याचाही खोकला असतो, पण तो आडवे झाल्यावर वाढतो, रात्री झोपेतून उठवतो आणि उठून बसले की बरे वाटते. रॅमिप्रिलचा खोकला दिवसरात्र सारखाच राहतो आणि त्यात धाप नसते. तो फार झाला तर औषध बदलून त्याच्या जवळच्या दुसऱ्या गटातले देता येते.

लक्षणांकडे लक्ष ठेवा. सपाट झोपता न येणे, उशा वाढवाव्या लागणे, नेहमीच्या चालण्यात मध्येच थांबावे लागणे, दोन्ही पाय सुजणे, दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढणे, यातले काहीही झाले तर चार आठवड्यांच्या इकोची वाट पाहू नका, त्याच दिवशी दाखवा. वजन रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्यापूर्वी करावे. दम लागण्याची इतर कारणेही त्यांच्या मागे आहेतच, केमोने हिमोग्लोबिन उतरणे हे त्यातले सगळ्यात साधे. म्हणून दम लागला की हिमोग्लोबिनही बघावे. पाय एकच सुजला आणि दुखत असेल तर ती हृदयाची सूज सहसा नसते. शिरेतल्या गुठळीची शंका घ्यावी लागते आणि तेही तातडीचेच काम आहे.

एनटी-प्रोबीएनपी आणि ट्रोपोनिन या रक्ततपासण्या झाल्या नसतील तर विचारून पाहा. पहिलीतून हृदयावरचा ताण कळतो, दुसरीतून पेशी मरत आहेत का हे कळते. ट्रोपोनिन वाढलेले असलेल्या रुग्णांत ईएफ पूर्ववत होण्याचे प्रमाण कमी दिसले आहे, म्हणून ते सामान्य असेल तर मला अधिक दिलासा वाटतो.

कॅन्सरबद्दलची तुमची धास्ती मी हलकी लेखत नाही, कारण या औषधाने खरोखर पुनरावृत्ती खूप कमी केली आहे. पण चार-आठ आठवड्यांचा विराम आणि औषध कायमचे सोडणे यांत फार मोठे अंतर आहे. ट्रास्टुझुमॅब रक्तातून फार सावकाश जाते. त्याचे प्रमाण निम्मे व्हायला सुमारे चार आठवडे लागतात, आणि जवळजवळ पूर्ण जायला सात महिने. म्हणजे इंजेक्शन चुकले त्या दिवशी कवच काढून घेतले गेले, असे होत नाही. हृदय सावरायला लगेच दोन-तीन दिवसांत सुरुवात होत नाही त्याचेही कारण हेच.

किती काळ औषध पुरेसे, यावरही बराच अभ्यास झाला आहे. ब्रिटनमधल्या पर्सेफोनी चाचणीत चार हजारांहून अधिक रुग्णांत सहा महिने आणि बारा महिने यांची तुलना केली. २०१९ मध्ये आलेल्या निकालांत चार वर्षांनंतर कॅन्सरमुक्त असलेल्यांचे प्रमाण दोन्हीकडे जवळजवळ सारखे, ८९ टक्क्यांच्या वर होते. हृदयाच्या कारणाने औषध सोडावे लागलेल्या मात्र बारा महिन्यांच्या गटात ८ टक्के होत्या आणि सहा महिन्यांच्या गटात ३. फ्रान्समधली फेअर चाचणी मात्र सहा महिने तेवढेच चांगले असे सिद्ध करू शकली नाही, म्हणून प्रमाण उपचार आजही एक वर्षाचाच आहे. काखेतल्या गाठी बाधित असतील किंवा मूळ गाठ मोठी असेल तर मी वर्ष पूर्ण करण्यासाठी जास्त धडपडतो. गाठ लहान होती आणि काखेत काही नव्हते, आणि हृदय दुसऱ्यांदा कुरकुरले, तर नऊ महिन्यांवर थांबायला मला संकोच वाटत नाही. आईच्या गाठीचा आकार आणि काखेचा रिपोर्ट तुम्ही लिहिलेला नाही, आणि पुढची चर्चा त्यावरच होईल.

पुन्हा सुरू करताना एक बारकावा आहे. तीन आठवड्यांच्या वेळापत्रकात पहिला डोस वजनाच्या किलोमागे ८ मिलिग्रॅम आणि नंतरचे ६ मिलिग्रॅम असतात. ठरलेल्या तारखेपेक्षा एका आठवड्याहून जास्त उशीर झाला की पुन्हा ८ ने सुरुवात करावी लागते. आईचे वजन ६० किलो असेल तर परतीचा पहिला डोस ४८० मिलिग्रॅम आणि पुढचे ३६०. हा जास्त डोस पाहून बिचकू नका, रक्तातली पातळी पुन्हा जागेवर आणण्यासाठी तो असतो आणि तो साधारण दीड तासात सावकाश देतात. त्वचेखाली टोचायच्या प्रकारात मात्र मात्रा वजनावर अवलंबून नसते, दर वेळी ६०० मिलिग्रॅमच असते आणि तिथे वाढीव पहिला डोस नसतो. सुरू केल्यावर पहिला इको तीन महिन्यांनी नको, महिना-दीड महिन्यात करून घ्या, आणि रॅमिप्रिल-कार्व्हेडिलॉल चालूच राहू द्या.

डाव्या बाजूचे रेडिएशन बाकी असेल तर आईचे ईएफ घसरले आहे हे रेडिएशनच्या डॉक्टरांना मुद्दाम सांगा. खोल श्वास रोखून किरण देण्याची पद्धत आहे, तिच्यात छाती फुगून हृदय किरणांच्या वाटेतून बाजूला सरते.

आठ आठवडे होऊनही घसरण कायम राहिली किंवा तीनहून अधिक वेळा थांबवावे लागले, तर अधिकृत सूचनेप्रमाणे औषध कायमचे बंद करतात. लक्षणांसह हार्ट फेल्युअर झाले तरी सहसा तोच निर्णय होतो. पर्टुझुमॅब हे दुसरे हर-टूविरोधी औषध सोबत चालू असेल तर तेही थांबते. गाठ हॉर्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह असेल तर हॉर्मोनच्या गोळ्या मात्र सुरू राहतात.

वर्ष संपल्यावरही इको संपत नाहीत. पुढची किमान दोन वर्षे दर सहा महिन्यांनी एक करायचा असतो, आणि अँथ्रासायक्लिन झालेले असल्याने त्यानंतरही अधूनमधून पाहिलेले बरे. ट्रास्टुझुमॅबची घसरण उपचार चालू असतानाच दिसते, डॉक्सोरुबिसिनची कधी कधी वर्षांनी वर येते. हृदयाच्या गोळ्या कधी बंद करायच्या यावर एकमत नाही. ईएफ सामान्य होऊन सहा महिने टिकले आणि ट्रास्टुझुमॅब संपले, की हृदयरोगतज्ज्ञ एकेक करून कमी करून पाहतात आणि प्रत्येक गोळी काढल्यावर पुन्हा इको करतात. आपल्या मनाने दोन्ही एकदम सोडू नका.